तापात पॅरासिटामॉल किती द्यायचं: आधी वजन, मग बाटलीवरचा आकडा, एमएल सगळ्यात शेवटी

"माझी मुलगी दोन वर्षांची आहे, वजन ११ किलो. काल रात्रीपासून ताप १०२ च्या आसपास आहे. घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत, एकीवर १२० लिहिलंय आणि एकीवर २५०. मागच्या वर्षी डॉक्टरांनी ५ एमएल सांगितलेलं पण ते कुठल्या बाटलीचं ते आता आठवत नाही. वजनाप्रमाणे तक्ता मिळेल का? आणि ताप उतरला नाही तर किती तासांनी परत द्यायचं, दिवसात जास्तीत जास्त किती वेळा?"

आधी तुमच्या मुलीचं सांगते म्हणजे तुम्ही मोकळ्या व्हाल, बाकीचं मग निवांत वाचा. ११ किलोला एका वेळी १६५ एमजी. २५० च्या बाटलीतून द्यायचं असेल तर ३.३ एमएल, १२० च्या बाटलीतून द्यायचं असेल तर साडेसहा एमएल. दोन्हींपैकी एकच बाटली वापरा, दुसरी वरच्या फळीवर ठेवून द्या. एका डोसनंतर पुढचा डोस सहा तासांनी, फारच बेजार असेल तर चार तासांनी, पण चार तासांच्या आत कधीच नाही, आणि २४ तासांत चार डोसच्या वर नाही. तिला लिव्हरचा आजार असेल, फिटचं औषध चालू असेल किंवा ती फारच अशक्त असेल, तर हे आकडे वापरू नका, तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग, तो म्हणजे "५ एमएल सांगितलेलं". मी कराडला गेली बावीस वर्षं लहान मुलांची ओपीडी चालवते आणि पॅरासिटामॉलची जी गडबड माझ्यासमोर येते त्यातली बहुतेक याच वाक्यापासून सुरू झालेली असते. डोस हा एमएलमध्ये नसतोच हो, डोस एमजीमध्ये असतो, म्हणजे औषध किती पोटात गेलं ते. एमएल म्हणजे नुसतं किती पाणी मोजलं ते, आणि त्या पाण्यात औषध किती हे बाटलीगणिक बदलतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये साधारण तीन प्रकार मिळतात. एक ड्रॉप्सची छोटी १५ एमएलची बाटली, तिच्या प्रत्येक १ एमएलमध्ये १०० एमजी असतं. दुसरं साधं सिरप, ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ एमजी. तिसरं स्ट्राँग सिरप, ५ एमएलमध्ये २५० एमजी, काही जण डीएस म्हणतात ते. आता गंमत बघा, लोकांना वाटतं ड्रॉप्स म्हणजे तान्ह्या बाळाचं औषध म्हणजे सौम्य असणार आणि सिरप मोठ्या मुलांचं म्हणजे कडक. खरं तर उलटं आहे. ड्रॉप्समध्ये एका एमएलला १०० आणि साध्या सिरपमध्ये एका एमएलला २४, म्हणजे ड्रॉप्स चौपट जहाल. बाळाला थोडंसंच पाजता यावं म्हणून ते मुद्दाम दाट केलेलं असतं. "सिरप संपलं म्हणून तेवढेच ५ एमएल ड्रॉप्स दिले" हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलंय आणि तेव्हा माझ्या पोटात गोळा आलाय, कारण ते ५०० एमजी झालं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी.

तुम्हाला मागच्या वर्षी सांगितलेले ५ एमएल बहुतेक १२० च्या बाटलीचे असणार, कारण तेव्हा पोरगी आठ-साडेआठ किलोची असेल आणि त्या वजनाला १२० एमजी बरोबर बसतं. तेच ५ एमएल आज २५० च्या बाटलीतून दिले असते तर ११ किलोला किलोमागे जवळजवळ २३ एमजी पडलं असतं, हवं त्याच्या दीडपट. एकदा झालं तर काही होत नाही, पण दिवसातून चार वेळा आणि तीन दिवस झालं की मग गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते.

हिशोब कसा करायचा ते एकदा शिकून घ्या, तक्ता हरवला तरी अडणार नाही. किलोमागे १५ एमजी, एवढंच लक्षात ठेवायचं. म्हणजे वजन गुणिले १५ केलं की एका वेळचा डोस एमजीत आला. पुस्तकात १० ते १५ असं लिहिलेलं असतं आणि दोन्ही चालतं, पण १० ला बऱ्याचदा ताप नीट हलत नाही, मग आई घाबरून दोन तासांत परत पाजते, म्हणून मी १५ च सांगते आणि वेळेबाबत कडक राहते. आता एमजीवरून एमएलवर यायचं. २५० च्या सिरपला वजन गुणिले ०.३. साध्या १२० किंवा १२५ च्या सिरपला वजन गुणिले ०.६. ड्रॉप्सला वजन गुणिले ०.१५. फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदाचं काम आहे. दशांशात अडकलात तर खालच्या आकड्याला यायचं, वरच्या नाही.

आणि हा तक्ता, फोटो काढून ठेवा हवं तर:

| वजन | एका वेळी | ड्रॉप्स, १ एमएलला १०० | सिरप, ५ एमएलला १२० | सिरप, ५ एमएलला २५० | २४ तासांत एकूण जास्तीत जास्त |
|---|---|---|---|---|---|
| ५ किलो | ७५ एमजी | ०.७५ एमएल | ३ एमएल | १.५ एमएल | ३०० एमजी |
| ६ किलो | ९० एमजी | ०.९ एमएल | ३.५ एमएल | १.८ एमएल | ३६० एमजी |
| ८ किलो | १२० एमजी | १.२ एमएल | ४.८ एमएल | २.४ एमएल | ४८० एमजी |
| १० किलो | १५० एमजी | १.५ एमएल | ६ एमएल | ३ एमएल | ६०० एमजी |
| १२ किलो | १८० एमजी | – | ७ एमएल | ३.५ एमएल | ७२० एमजी |
| १५ किलो | २२५ एमजी | – | ९ एमएल | ४.५ एमएल | ९०० एमजी |
| २० किलो | ३०० एमजी | – | १२ एमएल | ६ एमएल | १२०० एमजी |
| २५ किलो | ३७५ एमजी | – | – | ७.५ एमएल | १५०० एमजी |
| ३० किलो | ४५० एमजी | – | – | ९ एमएल | १८०० एमजी |

मधलं वजन असेल तर गुणाकार करा नाहीतर सरळ अलीकडची ओळ धरा. ३३-३४ किलोच्या पुढे ५०० ची गोळी एक, पोरगं गोळी गिळत असेल तर. तक्त्यात रेघ मारलेली जागा म्हणजे ते औषध तेवढ्या वजनाला चालत नाही असं नाही, फक्त दुसरी बाटली सोयीची. आणि एक फार महत्त्वाचं, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १०० पॉइंट ४ किंवा त्याच्या वर असेल तर हा तक्ता तुमच्यासाठी नाहीच. वजन ५ किलो भरत असलं तरी नाही. त्या वयात ताप म्हणजे आधी दवाखाना, औषध तिथे बघून. अपवाद एकच, दीड महिन्याच्या किंवा अडीच महिन्याच्या इंजेक्शननंतर येणारा ताप, त्याला सिस्टर किंवा डॉक्टर तिथेच किती द्यायचं ते सांगतात, तेवढंच द्यायचं, आणि बाळ दूध सोडत असेल, मलूल असेल तर इंजेक्शनचा ताप असेल म्हणून घरी थांबायचं नाही.

वजन कुठलं धरायचं तर आजचं. लसीकरणाच्या कार्डावरचं सहा महिन्यांपूर्वीचं नको आणि "दोन वर्षाचं म्हणजे बारा किलो असेल" असा अंदाज तर अजिबात नको, कारण माझ्याकडे एकाच दिवशी दोन वर्षांची नऊ किलोची पण येतात आणि चौदा किलोची पण. घरात वजनकाटा असेल तर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग पोरीला कडेवर घेऊन, दोन्हींतला फरक म्हणजे तिचं वजन, अर्धा किलो इकडेतिकडे झालं तरी चालतं. पोरगं खूप स्थूल असेल, म्हणजे आठ वर्षाचं पन्नास किलोचं वगैरे, तर काट्यावरच्या वजनाने नाही द्यायचं, त्या वयाच्या साधारण वजनाने द्यायचं, आणि तो आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

मोजायला बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा ड्रॉपर, आणि त्याहून चांगली म्हणजे बिनसुईची सिरिंज, मेडिकलमध्ये ५ एमएलची दहा-बारा रुपयांना मिळते. घरातला चमचा नको. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांना मी त्यांच्या घरचा "औषधाचा चमचा" आणायला सांगितला, सिरिंजने पाणी भरून बघितलं तर सव्वासात एमएल बसलं त्यात, आणि तो पोह्याचा चमचा होता. त्यांच्याच घरातला चहाचा चमचा तीन एमएलचा. एकाच घरात दोन चमचे, एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरायची आणि हळूहळू सोडायचं, सरळ घशात मारलं की ठसका लागतो आणि उलटी होते. आणि बाटली हलवा, नीट दहा वेळा. हे सस्पेन्शन असतं, औषध खाली बसतं. न हलवता दिलं तर पहिल्या चार-पाच डोसांना पाणचट जातं, ताप उतरत नाही, आणि तळाशी राहिलेलं सगळं दाट शेवटच्या डोसांत एकदम जातं.

आता वेळेचं. इथे एक सापळा आहे जो शिकलेल्या आईवडलांना पण कळत नाही. लेबलवर किंवा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "दर ४ ते ६ तासांनी". वडील अलार्म लावतात चार तासांचा आणि इमानदारीत देत राहतात. दर चार तासांनी म्हणजे चोवीस तासांत सहा डोस झाले, सहा गुणिले १५ म्हणजे किलोमागे ९० एमजी. मर्यादा आहे ६०. म्हणजे प्रत्येक डोस बरोबर, प्रत्येक अंतर बरोबर, आणि तरी दिवसाची बेरीज दीडपट. चार तास हे दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर आहे, वेळापत्रक नाही. एखादा डोस चार तासांनी द्यावा लागला तर त्याची भरपाई पुढे कुठेतरी आठ तासांचं अंतर ठेवून करायची. आणि २४ तास हे रात्री बारापासून मोजायचे नाहीत, आत्ता डोस द्यायला घेतला की मागे वळून बघायचं, गेल्या चोवीस तासांत किती झाले, चार झाले असतील तर थांबायचं, मग ताप कितीही असू दे, तेव्हा फोन उचलायचा, बाटली नाही. झोपलेल्या पोराला डोस चुकेल म्हणून उठवून पाजू नका. झोपलंय, श्वास शांत आहे, तर झोपू द्या. हे अँटिबायोटिक नाही की वेळ चुकली तर बिघडलं.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि त्यावर वेळ आणि किती एमएल लिहा, हे मी प्रत्येकाला सांगते आणि अर्धे लोक हसतात. पण दुपारी आजीने दिलं, चारला शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आईने दिलं, सातला बाबा ऑफिसातून आले आणि अंग गरम लागलं म्हणून त्यांनी दिलं, असं तीन हातांतून औषध जाणारी घरं मी रोज बघते.

यातूनच झालेली एक केस सांगते, नाव-गाव सोडून. पावसाळ्यातली गोष्ट, चौदा महिन्यांचा मुलगा, वजन ९ किलो. सर्दी-ताप. आधी घरात १२० चं सिरप होतं, ५ एमएल देत होते, ते बरोबरच होतं कारण ९ किलोला १३५ एमजी चालतं. ती बाटली संपली. बाबा मेडिकलवर गेले, तिथे २५० चं मिळालं, खोकं पण साधारण त्याच रंगाचं, आणि घरी येऊन तेच ५ एमएल सुरू राहिलं, दिवसातून चार वेळा. म्हणजे १००० एमजी. त्यात सर्दीसाठी एक सिरप चालू होतं, अडीच एमएल तीन वेळा. त्या सर्दीच्या सिरपमध्ये पण पॅरासिटामॉल होतं, ५ एमएलला १२५, म्हणजे दिवसाचे आणखी साधारण १९०. बेरीज झाली ११९०, भागिले ९ किलो, किलोमागे १३२ एमजी रोज. ६० च्या जागी १३२. आणि असे अडीच दिवस. पोरगं खात नव्हतं, नुसतं थोडं पाणी आणि दूध, आणि उपाशी पोराच्या लिव्हरला हे आणखी जड जातं.

का जड जातं ते थोडक्यात सांगते. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग लिव्हर निमूटपणे निकामी करून लघवीवाटे काढून टाकतं, पण थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. त्या विषाला लगेच बांधून टाकायला लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. नेहमीच्या डोसला तो साठा पुरून उरतो. डोस वाढला की विष जास्त तयार होतं, उपास घडला की साठा कमी असतो, आणि साठा संपला की ते विष लिव्हरच्या पेशींनाच चिकटतं. म्हणून न जेवणाऱ्या, उलट्या होणाऱ्या, आधीच अशक्त असलेल्या पोराला किलोमागे ६० ची मर्यादा आणखी काटेकोर पाळायची, त्याच्या बाबतीत मी स्वतः कधीकधी डोस कमीच ठेवते.

त्या मुलाला आई माझ्याकडे घेऊन आली ती तापासाठी नाही, उलट्या सुरू झाल्या म्हणून. मी सवयीने विचारलं काय काय देताय, सगळ्या बाटल्या दाखवा, तर पिशवीतून तीन बाटल्या निघाल्या आणि मी टेबलावरच बेरीज केली. त्याला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, रक्त तपासलं, लिव्हरला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी वाढलेलं निघालं पण फार नाही, तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू केलं, जे त्या संपलेल्या साठ्याची भरपाई करतं, आणि चौथ्या दिवशी पोरगं घरी गेलं. नशीब चांगलं की उलट्या झाल्या आणि आई आली. कारण या औषधाची सगळ्यात वाईट खोड हीच आहे की जास्त झाल्यावर पहिला दिवसभर काहीच दिसत नाही, किंवा थोडी मळमळ, थोडं मलूल, जे तापाने पण होतंच. लिव्हरचं बिघडणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागतं, उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ, गुंगी, आणि तोवर उताऱ्याचं औषध देण्याची सगळ्यात चांगली वेळ निघून गेलेली असते.

म्हणून बाटली घेताना समोर मोठ्या अक्षरातलं नाव वाचू नका, मागे बारीक अक्षरात "प्रत्येक ५ एमएलमध्ये" असं जे लिहिलेलं असतं ते वाचा. तिथे पॅरासिटामॉलशिवाय आणखी कुठलं नाव असेल तर ते मिक्श्चर आहे. मिक्श्चर तीन तऱ्हेची दिसतात. सर्दीची, ज्यात क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन असतं, आणि ती चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत असा इशारा लेबलवर छापा असं सरकारने २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. दुसरी, पॅरासिटामॉल अधिक आयबुप्रोफेन. तिसरी, पॅरासिटामॉल अधिक मेफेनॅमिक अ‍ॅसिड, ताप "पटकन उतरतो" म्हणून ही फार लोकप्रिय आहे. या मिक्श्चरचं मला वावडं आहे असं समजा. एक तर त्यातलं पॅरासिटामॉल मोजायचं राहून जातं, आणि दुसरं, जून ते नोव्हेंबर आपल्याकडे डेंग्यूचा सीझन असतो, त्यात आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक दोन्ही रक्तस्राव वाढवू शकतात. पहिल्या दोन दिवसांत हा ताप डेंग्यूचा आहे की साधा व्हायरल हे मला पण अंगाला हात लावून सांगता येत नाही, मग तुम्ही घरी कसं ओळखणार. तेव्हा पावसाळ्यात घरच्या घरी फक्त आणि फक्त साधं पॅरासिटामॉल. आणि कोणाच्या घरात जुनी निमेसुलाइडची बाटली-गोळी असेल तर ती मुलांसाठी नाही, बारा वर्षांखाली त्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन पण नाही.

आता "ताप उतरला नाही तर". उतरणं म्हणजे काय हे आधी ठरवू. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू परिणाम सुरू होतो आणि दोन ते तीन तासांनी सगळ्यात जास्त दिसतो. त्यात ताप साधारण दोन-अडीच डिग्री फॅरनहाइट खाली येतो, बस्स. १०३ चा १०१ झाला म्हणजे औषधाने काम केलं. ९८ व्हायलाच पाहिजे असं नाही. पण होतं काय, औषध दिल्यावर वीस मिनिटांनी आई थर्मामीटर लावते, १०२ च दिसतो, "काहीच फरक नाही" म्हणून परत पाजते. तासभर तरी थर्मामीटर बाजूला ठेवा. तास-दीड तासाने आकड्याकडे नाही, पोरीकडे बघा. उठून बसली, पाणी मागितलं, खेळण्याला हात लावला, तर ताप १०१ असला तरी काही करायचं नाही. आपण ताप बरा करत नसतो, ताप आलेल्या पोराची तगमग कमी करत असतो, आणि ताप त्याच्या आजाराच्या वेळेनेच जातो. १०० ताप असून पोरगं उड्या मारत असेल तर मी एक थेंब पण देत नाही. झटके येऊ नयेत म्हणून तापावर डोळ्यात तेल घालून औषध पाजणारे लोक असतात, त्यांना सांगते की पॅरासिटामॉलने तापातले झटके टळतात असं दिसलेलं नाही, त्यासाठी डोस वाढवू नका.

अंग पुसायचं असेल तर कोमट पाण्याने, तेही पोराला बरं वाटत असेल तर. बर्फाचं पाणी, फ्रिजचं पाणी, कोलन वॉटर नको, थंड पाण्याने थंडी वाजते आणि थंडी वाजली की ताप उलटा चढतो. गोधडीत गुंडाळणं पण नको.

उलटी केली तर? औषध पाजल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर आलं तर तोच डोस एकदा परत द्या, एकदाच. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर द्यायचं नाही, बरंचसं आत गेलेलं असतं, पुढच्या वेळेपर्यंत थांबा. काहीच पोटात टिकत नसेल तर शौचाच्या जागेतून ठेवायची पॅरासिटामॉलची कांडी मिळते, ८० आणि १७० एमजीच्या असतात, पण ती पण याच हिशोबात धरायची. तोंडातून दिलं त्याच्यावर दोन तासांनी कांडी, असं "वेगळ्या वाटेने दिलं" म्हणून वेगळं मोजणारे बरेच जण असतात. लिव्हर एकच आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत आता कधी उठून जायचं ते सांगते. ताप तीन दिवसांच्या वर गेला तर. त्याआधी पण, ती औषधानंतर ताप उतरलेला असताना सुद्धा मलूल पडून राहत असेल, श्वास भराभर घेत असेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, सात-आठ तास लघवी नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात सतत दुखत असेल, अंगावर लाल-जांभळे ठिपके आले असतील, मान वाकवायला रडत असेल, झटका आला असेल, तर थांबायचं नाही. आणि पावसाळ्यातली एक फसवी गोष्ट, डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण नेमका त्याच वेळी धोका सुरू होतो. ताप नाही पण हातपाय गार, पोरगं चिडचिडं किंवा गुंगीत, पोट दुखतंय, तर ते बरं झालेलं नाही, लगेच न्या.

चुकून जास्त गेलंच तर कधी पळायचं? एकाच वेळी किलोमागे १५० एमजीच्या आसपास गेलं असेल तर लगेच हॉस्पिटल, पोरगं खेळत असलं तरी. तुमच्या ११ किलोच्या मुलीला ते होतं १६५० एमजी, म्हणजे २५० च्या सिरपचे ३३ एमएल, साठ एमएलच्या बाटलीतली अर्धी बाटली. ड्रॉप्सची १५ एमएलची अख्खी बाटली म्हणजे १५०० एमजी, दहा किलोच्या पोराला ती एकटीच पुरते. हे औषध गोड असतं, स्ट्रॉबेरी नाहीतर आंब्याच्या वासाचं, आणि दोन वर्षांचं पोरगं टोपण उघडायला शिकलेलं असतं, त्यामुळे उशाशी बाटली ठेवून झोपायचं नाही. किती पिलं ते कळत नसेल तर बाटलीत उरलेलं वजा करून वाईटात वाईट आकडा धरायचा. आणि एकदम नाही पण दोन-तीन दिवस रोज किलोमागे ७५ च्या वर जातंय असं बेरजेत निघालं तर औषध तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा, रात्र असेल तर इमर्जन्सीला. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. पहिल्या आठ तासांत उतारा सुरू झाला तर लिव्हर जवळजवळ नेहमी वाचतं, म्हणून वाट बघत बसणं हीच एक मोठी चूक होते. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या झालेल्या सुद्धा, आणि फ्रिजवरचा तो कागद पिशवीत टाका, पहिला डोस किती वाजता आणि शेवटचा किती वाजता हे इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं असतं.